बत्तीस अक्षरांचा तिळगूळ

संक्रांतीच्या सकाळी बीड जिल्ह्यातल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा एसटीच्या डेपोत काम करणाऱ्या माणसाच्या फोनवर तिळगुळाचे दोन-चार ओळींचे निरोप येऊन पडतात. त्यातले बहुतेक कुणीतरी कुठून तरी उचललेले असतात आणि ते वाचून होण्याआधीच बोट पुढे सरकतं. फोन नव्हते तेव्हाही हे चालायचं. पोस्टाने छापील भेटकार्डं यायची, कोपऱ्यात हलव्याची इवली पुडी चिकटवलेली असायची आणि खाली यमक जुळवलेल्या दोन ओळी असायच्या. म्हणजे सहकाऱ्याला सणाला छोटी, गोड, यमकाची ओळ पाठवण्याची हौस जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. प्रश्न एवढाच की त्या ओळी टिकत का नाहीत, आणि टिकतील अशा लिहायच्या तर कशा. सध्या फिरणारे प्रकार समोर ठेवून याचा विचार करायला हवा.

सर्वांत जास्त चालणारा प्रकार मोघम शुभेच्छेचा. त्याचा नमुना मीच रचून देतो:

नात्यांत राहो नेहमी साखरेचा गोडवा,
आपल्यामध्ये कधीही न येवो दुरावा.

वाईट यात काही नाही. पण ही ओळ लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांना पाठवली काय आणि मामेबहिणीला पाठवली काय, एक अक्षरही बदलावं लागत नाही. सहकारी म्हणजे रक्ताचा नातलग नव्हे आणि शाळेपासूनचा मित्रही नव्हे. त्याच्याशी आपलं जे काही आहे ते कामातून आलेलं आहे: शेजारची खुर्ची, एकच रजिस्टर, एकत्र काढलेली रात्रपाळी, त्याने सांभाळून घेतलेली आपली रजा. ओळीत यातलं काहीच नसेल तर ती त्याच्यासाठी लिहिलेली नसते. ओळखायची खूण सोपी आहे. ओळ दुसऱ्या शाखेतल्या माणसाला जशीच्या तशी पाठवता येत असेल, तर ती अजून झालेली नाही.

दुसरा दोष कानाला कळतो. ‘गोडवा’ आणि ‘दुरावा’ यांच्यात फक्त शेवटचा ‘वा’ जुळतो, आधीचा स्वर जुळत नाही. ‘गोड’ला ‘ओढ’ जोडणारे पुष्कळ आहेत, पण ‘ड’ आणि ‘ढ’ वेगळे आहेत. ‘तीळ’ आणि ‘गूळ’ ही जोडी तर सणातच एकत्र आली आहे म्हणून यमक वाटते, पण ‘ईळ’ आणि ‘ऊळ’ एकमेकांना उत्तर देत नाहीत. ‘गूळ’ला खरं यमक ‘मूळ’, ‘कूळ’, ‘धूळ’, ‘खूळ’ यांचं. ‘गोड’ला ‘जोड’, ‘तोड’, ‘मोड’, ‘खोड’ यांचं. एवढ्याच शब्दांत सगळ्यांना फिरावं लागतं म्हणून सगळ्यांच्या ओळी सारख्या होतात. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे ‘गोड’ आणि ‘गूळ’ ओळीच्या शेवटी ठेवण्याचा हट्ट सोडायचा. ते ओळीच्या मध्ये घालावेत आणि शेवटी साधा, रोजच्या बोलण्यातला, भरपूर जोड्या असलेला शब्द आणावा.

तिसऱ्या प्रकाराचं मूळ हळदीकुंकवातल्या उखाण्यात आहे. उखाण्याच्या पहिल्या ओळीत एखादी वस्तू येते, दुसऱ्या ओळीत नाव, आणि पहिली ओळ बहुतेक वेळा यमकापुरतीच असते. नाव घेण्याचा लाजराबुजरा आनंद तिथे इतका मोठा असतो की पहिल्या ओळीचं रिकामपण कुणाला जाणवत नाही. सहकाऱ्याला लिहिलेल्या ओळीत तो आनंद नसतो, त्यामुळे रिकामी ओळ रिकामीच दिसते. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हळदीकुंकवाच्या बोलीतले सौभाग्याचे, कुंकवाचे, चुड्याचे शब्द या ओळींबरोबर नकळत कचेरीत येतात. ज्या बाईचा नवरा गेलेला आहे, तिलाही तो निरोप गटातून जातो. ती काही बोलत नाही. कामाच्या ठिकाणच्या तिळगुळाच्या ओळीत हे शब्द नसावेतच. जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत हिंदू, मुस्लिम, बौद्ध माणसं शेजारी-शेजारी बसतात. तिळाचा लाडू सगळ्यांच्या हातावर पडतो, तेव्हा ओळही सगळ्यांना घेता येईल अशी हवी.

चौथा प्रकार चारोळीचा. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’नंतर चार छोट्या ओळींचा हा घाट घराघरांत गेला आणि शुभेच्छांच्या निरोपांनी तो लगेच उचलला. लांबी या कामाला अगदी बेताची. पण चारोळीला ठरलेलं माप नाही. एक ओळ पाच अक्षरांची, पुढची तेरा अक्षरांची असं झालं की वाचणारा अडखळतो आणि यमकापर्यंत पोचतो तेव्हा आधीची ओळ कानातून गेलेली असते. मुरलेल्या कवीला कान असतो म्हणून मापाशिवायही जमतं. वर्षातून एकदा लिहिणाऱ्याला माप मोठा आधार देतं.

हे माप शोधायला बीडच्या माणसाला लांब जायला नको. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली पूर्ण केला असं परंपरा मानते, आणि तो ओवीतला ग्रंथ आहे. पण तिळगुळाच्या ओळीला जास्त जवळची आहे ती बायकांची जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या ओव्याही आहेत, आणि ‘पारी’ या संकेतस्थळाने हा ठेवा आता सर्वांना ऐकता येईल असा खुला केला आहे. त्या ऐकल्या की लक्षात येतं, या ओवीत मोघम असं काहीच नसतं. भाऊ येतो तो अमुक वाटेने येतो, लेक निघते ती अमुक गावी. गाणारी बाई ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोलते, आणि दोन ओळींत सांगून मोकळी होते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. जात्यावरच्या ओवीतली अक्षरं कमी-जास्त झाली तर बाई गाताना ‘गं’, ‘बाई’ घालून किंवा सूर लांबवून ती भरून काढते. कागदावरच्या किंवा फोनवरच्या ओळीला हा सूर नाही, त्यामुळे तिथे अक्षरं मोजूनच लिहावी लागतात. मोजायला सोपं माप लहान अभंगाचं आहे: एका चरणात आठ अक्षरं. असे चार चरण घ्यायचे, दुसऱ्याला आणि चौथ्याला यमक द्यायचं. एकूण बत्तीस अक्षरं झाली. जोडाक्षर एकच मोजायचं, ‘र्ष’ एक, ‘ल्या’ एक. आठ अक्षरं चार-चार किंवा तीन-तीन-दोन अशी तुटली की ओळ आपोआप डुलते. मात्रांच्या वृत्तात लिहू नये असं नाही, पण तिथे ‘तीळ’ तीन मात्रांचा असतो आणि ‘तिळाचा’ म्हटलं की पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं. ‘गूळ’ आणि ‘गुळाचा’ यांचंही तसंच. ही अडचण अक्षरांच्या मापात येत नाही.

आता एक ओळ सुरुवातीपासून घडवून पाहू. प्रसंग असा की एका पंचायत समितीत लेखा शाखेत दोघे जण बरीच वर्षं शेजारी बसतात. मार्चअखेर आली की रात्री उशिरापर्यंत दोघांनाच थांबावं लागतं. एकाला दुसऱ्यासाठी ओळ लिहायची आहे. पहिलं काम म्हणजे यमकाचा विचार न करता, जे म्हणायचं ते साध्या वाक्यात लिहून काढणं: ‘इतकी वर्षं तुमचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे, आणि मार्चएंडला तुम्ही सोबत असता म्हणून ते दिवसही बरे जातात.’ हे वाक्य जमलं नाही तर थांबावं, कारण मग सांगायचंच काही नाही.

त्यातलं ‘टेबलाला टेबल लागून’ हे चित्र पकडलं. ‘माझ्या टेबलाला लागून आहे’ यात अकरा अक्षरं होतात. ‘माझ्या’ गाळलं, ‘लागून आहे’ गाळलं, आणि ‘टेबलाला टेबलाची’ एवढं ठेवलं. चार आणि चार. पुढे पहिल्यांदा ‘वर्षभर होती जोड’ असं आलं. मापात बसतं, पण ‘होती’ वाचलं की निरोपसमारंभाची आठवण होते. संक्रांतीला भूतकाळाचं रूप जपून वापरावं, नाहीतर समोरच्याला वाटतं आपली बदली झाली की काय. ‘वर्षानुवर्षांची जोड’ केलं. आठच अक्षरं, आणि काळाची अडचणही गेली.

तिसरी ओळ आधी ‘मार्चएंडचा भारही’ अशी सुचली. मोजली तर आठ भरतात, पण मोठ्याने म्हणताना चार अक्षरांवर थांबलं की ‘मार्चएंड’ एकीकडे आणि ‘चा भारही’ दुसरीकडे पडतं. कान तिथे ठेचकाळतो. मोजणी बरोबर असून ओळ चुकते ती अशी. ‘मार्चएंड आला तरी’ म्हटलं आणि तुकडे नीट पडले. शेवटी ‘तुमच्यामुळे वाटला गोड’ होतं, दहा अक्षरं. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द पाच अक्षरं खातो आणि तेच सांगणारा ‘सोबतीने’ चारात बसतो. ‘गोड’ इथे शेवटी आलाच, पण ‘जोड’ आधी स्वतःच्या अर्थाने आलेली आहे, यमकाच्या सोयीसाठी नव्हे, म्हणून तो खपतो:

टेबलाला टेबलाची
वर्षानुवर्षांची जोड;
मार्चएंड आला तरी
सोबतीने वाटे गोड.

तिळाचं नाव यात नाही. ही ओळ लाडवाबरोबर हातात द्यायची असेल तर तीळ सांगायची गरजच नाही, तो तळहातावर आहे. फोनवर पाठवायची असेल तर मात्र वर एक साधं वाक्य लिहावं, नाहीतर ती कुठल्याही दिवसाची वाटेल.

वरिष्ठांना लिहिताना वेगळी अडचण येते. ‘गोड गोड बोला’ ही सणाची जुनी विनवणी आहे, पण तहसीलदारांना किंवा मुख्याध्यापकांना कनिष्ठाने ती लिहून पाठवली की तक्रारीसारखी वाजू शकते: म्हणजे एरवी आम्ही कडू बोलतो का? म्हणून बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘आपल्या कृपाछत्राखाली’ वगैरे लिहितात, ते तर आणखीच अवघड. मला वाटतं वरिष्ठाचा एखादा खरा गुण, आपल्याला प्रत्यक्ष लाभलेला, तेवढाच सांगावा. चूक दाखवताना न ओरडणारा साहेब मिळाला असेल तर:

चूक दाखवली तुम्ही,
आवाज चढला नाही;
गोड बोला म्हणायाला
उरले न इथे काही.

इथे सणाचं वाक्य आलं आहे, पण आज्ञा म्हणून नव्हे. आणि यमकाला ‘नाही-काही’ असे अगदी साधे शब्द आले आहेत. गुण खरा नसेल तर ही ओळ पाठवू नये. तापट साहेबाला ती गेली तर टोमणा होईल.

संबोधनाने ओळीला माणूस चिकटतो. आपल्या जिल्ह्यात वयाने मोठ्या सहकाऱ्याला बप्पा, नाना, तात्या म्हणतात, प्राथमिक शाळेत गुरुजी आणि बाई, दवाखान्यात सिस्टर. यांपैकी जो शब्द रोज तोंडात असतो तोच ओळीत घालावा. ‘प्रिय सहकारी’ म्हणून सुरुवात केली की जवळीक तिथेच संपते. आणि रोज बोलीत बोलणाऱ्या माणसाला बोलीतच लिहावं. भोगीच्या दिवशी बप्पांच्या डब्यातलं खेंगट सगळ्यांनी मिळून संपवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी:

काल बप्पा तुमचंच
खेंगट हो आम्ही खाल्लं;
आज घ्या तिळाचा लाडू,
तेवढंच देणं झालं.

‘खाल्लं’ आणि ‘झालं’ हे काटेकोर यमक नव्हे, पण दोन्हीकडे ‘आ’ आणि ‘लं’ आहे, बोलताना ते जुळतं. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. ‘खाल्लं’ लिहिलं की पुढे ‘झाले’ लिहू नये. एकाच ओवीत बोली आणि ग्रांथिक रूपं मिसळली की यमक मोडतं आणि माणूसही खोटा वाटायला लागतो. मिसळलेली रूपं या ओळींत फार आढळतात, कारण अर्धी ओळ आठवणीतून आलेली असते आणि अर्धी स्वतःची.

कामाचे तपशील जितके नेमके, तितका गोडवा कमी शब्दांत येतो. मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात रात्र काढणारे चालक आणि वाहक पहाटे पारापाशी भेटतात; त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला लिहावं:

मुक्कामाची गाडी उभी,
थंडी पारावर भारी;
लाडू एक, वाटे दोन,
तीच आपली न्याहारी.

आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची संक्रांत वेगळीच असते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात, आणि त्यांच्याबरोबर बरीच पोरंही. काहींना हंगामी वसतिगृहात ठेवलेलं असतं, काही फडावर असतात. सणाच्या दिवशी वर्गात कोण नाही हे बाई आणि गुरुजी दोघांनाही दिसतं. अशा शाळेत एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षिकेला ‘आनंदी आनंद’ लिहून पाठवावा हे मला पटत नाही. जो सल दोघांचा आहे त्याला ओळीत जागा दिली तर ती कडू होईल असं मानायचं कारण नाही:

बाक रिकामे वर्गात,
पोरं गेली ऊसतोडी;
त्यांचा वाटा जपू बाई,
तेवढीच सणा गोडी.

‘ऊसतोडीला’ऐवजी ‘ऊसतोडी’ आणि ‘सणाला’ऐवजी ‘सणा’, असे प्रत्यय गाळण्याची मुभा ओवीने पूर्वापार घेतली आहे. एका ओवीत ती एक-दोनदाच घ्यावी. त्याहून जास्त झाली की ओळ मुद्दाम जुनाट केल्यासारखी दिसते.

बदलीने दूर गेलेल्या सहकाऱ्याला ओळ लिहिणं सर्वांत सोपं, कारण तिथे अंतरच विषय देतं. आष्टीहून परळीला किंवा जिल्ह्याबाहेर गेलेल्या माणसाला:

बदलीच्या गावी तुम्ही,
डबा तुमचा हा येथे;
एक वाटा राखलेला,
येता-जाता न्यावा तेथे.

इथे ‘तुम्ही’ आणि ‘न्यावा’ यांचं आदरार्थी रूप शेवटपर्यंत सारखं राहिलं आहे. घाईत लिहिलेल्या ओळींत ‘तुम्ही’ने सुरू होऊन यमकासाठी ‘घे’, ‘बोल’वर उतरणं वारंवार घडतं. यमक सोडावं, पण आदर सोडू नये.

एका शब्दाबद्दल सावध राहायला हवं. मराठीत ‘संक्रांत येणे’ म्हणजे संकट कोसळणे. ‘तुमच्या घरी यंदाही संक्रांत यावी’ असं निरागसपणे लिहिणारे आहेत, आणि वाचणारी म्हातारी माणसं दचकतात. ‘येणे’ हे क्रियापद त्या नावाला लावूच नये. ‘संक्रांतीचा सण’, ‘संक्रांतीचा तीळ’ म्हणावं, किंवा वरच्या ओळींप्रमाणे ते नाव घ्यायचंच टाळावं.

राहिली पाठवण्याची वेळ आणि रीत. शंभर जणांच्या गटात टाकलेली नेमकी ओळ वाया जाते. ‘टेबलाला टेबलाची’ ही ओवी दोघांमधली आहे, ती त्या एकालाच पाठवावी. सगळ्या शाखेसाठी एकच ओळ हवी असेल तर सगळ्यांनी मिळून केलेलं एखादं काम शोधावं, जसं की निवडणुकीची ड्युटी किंवा पावसाळ्यातले पंचनामे. तसं काही सापडत नसेल तर साधं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ पुरेसं आहे. पद्याची सक्ती कुणी केलेली नाही. हाताने द्यायची असेल तर वहीच्या पानाची चार बोटं रुंद पट्टी बत्तीस अक्षरांना पुरते. ती लाडवाच्या पुडीत घालू नये, गुळाच्या चिकटाने शाई फुटते. पुडीच्या बाहेर दोऱ्यात अडकवावी. संक्रांतीच्या दिवशी लिहून झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घाईने पाठवू नये, कारण तो किंक्रांतीचा, करीचा दिवस असतो आणि तो दिवस पाळणारी माणसं कचेरीत असतातच. तिळगूळ द्यायला-घ्यायला रथसप्तमीपर्यंत मुभा आहे. तेवढ्या दिवसांत ओळ एकदा मोठ्याने म्हणून पाहायला, अडखळलेला चरण बदलायला आणि मग पाठवायला वेळ मिळतो.